मदत हवी आहे: बेस मिक्सरला जोडला की घूंऽऽ, गिटारला खरखर

खर्जवाला: सरावाची खोली १० बाय १२ फूट. मिक्सर आणि स्पीकर दाराजवळच्या सॉकेटवर, बेसचा अँप समोरच्या भिंतीवर. अँपच्या लाइन आउटमधून साधी गिटार केबल मिक्सरला लावली की स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतं. बेसचा आवाज शून्यावर नेला तरी तेवढंच. केबल बदलून झाली. शिवाय गिटार मधूनच कडकडते.

तारसप्तक: अर्थ लूप आहे. अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, आवाज बंद.

सोल्डर_काका: निदान बरोबर, पण पिन अजिबात काढू नका. अँपमध्ये फेज बॉडीला टेकला तर तो करंट जायला अर्थच उरत नाही. मग तो तारा आणि माइकची जाळी एकदम धरणाऱ्याच्या अंगातून जातो.

खर्जवाला, आधी लाइन आउटची केबल मिक्सरमधून उपसा. स्पीकर शांत झाला आणि अँपही स्वतः गप्प असला, तर लूपच. दोन्ही यंत्रं आपापल्या सॉकेटमधून अर्थला जोडलेली आहेत, आणि केबलच्या शील्डने ती पुन्हा एकमेकांना जोडली जातात. दोन अर्थमधल्या किंचित फरकाने शील्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. बेसचा आवाज शून्यावर नेऊन फरक पडत नाही तो यामुळेच.

आता अँप, मिक्सर, स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. सगळ्यांच्या वॉटची आधी बेरीज करा, ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती हजारच्या आत ठेवा. तरी उरलं, तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स घालून त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा. त्याने फक्त ऑडिओ केबलची शील्ड सुटते, विजेचा अर्थ जागेवर राहतो.

रात्रपाळी: माझ्याकडे लॅपटॉप चार्ज होत असताना रेकॉर्डिंगमध्ये बारीक किरकिर येते. हेच का?

सोल्डर_काका: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. किरकिर गेली तर ती चार्जरच्या वाटेने येते. तुमचा वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

खर्जवाला: एकाच बोर्डवर घेतलं, घूंऽऽ जवळजवळ गेलं. गिटार मात्र अजून कडकडते. आणि तिच्यात एक चिरका झूंऽऽ आहे, तारांना हात लावला की कमी होतो.

सोल्डर_काका: कडकड म्हणजे कुठेतरी संपर्क तुटतोय. केबल जॅकपाशी हलवा. तिथे वाजली तर टोपी उघडून मधल्या तारेचं आणि शील्डचं सोल्डर पाहा, एक सुटलेलं असेल. केबल स्थिर असताना नॉब फिरवल्यावर वाजलं, तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीसेक वेळा फिरवा.

झूंऽऽ हवेतून येतोय. बोर्ड बदलून तो जाणार नाही. गिटार हातात धरून जागीच फिरा, एका दिशेला कमी होतो का? पिकअप सिंगल कॉइल आहे का?

तारसप्तक: खोलीत डिमरचा दिवा आहे का? तो पूर्ण बंद करून ऐका.

खर्जवाला: सिंगल कॉइलच. खिडकीकडे वळलं की निम्मा होतो. डिमर आहे, पण त्याच बटणावर पंखाही आहे, वायरमन आल्यावर वेगळा करून बघतो.