मदत हवी आहे: व्हॉईस टायपिंग रोज 'कांदेबाग'चं 'कांदे भाग' करतं, त्याला शब्द शिकवता येतात का?

केळीपट्टा_रावेर

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यात एका केळी उत्पादक गटाचं कामकाज बघते. बागेत जाऊन तिथेच नोंद करावी लागते: बाग कोणाची, गाव कोणतं, लागवडीच्या हंगामानुसार मृगबाग की कांदेबाग, रोग काय दिसला. बागेत उभं राहून फोनवर एवढं टाईप होत नाही. म्हणून गूगल डॉक्स उघडते, जीबोर्डचा माईक दाबते आणि मराठीत बोलते.

साधी वाक्यं छान उमटतात. अडतं ते आमच्याच शब्दांवर. मी बोलते: "चिनावल येथे झोपे यांच्या कांदेबागेत हरण्या रोगाची झाडं दिसली." उमटतं: "चिनावल येथे झोपेच्या कांदे भागात हरणाऱ्या रोगाची झाडं दिसली." सावदा गावाचं 'सावध' होतं, जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या पिलबागेचं 'फिल बाग'. वायकोळे आडनाव तर दर वेळी वेगळंच येतं.

या नोंदी पुढे कृषी सहायकांकडे जातात. रोगट झाड वेळेत उपटलं नाही तर हरण्या शेजारच्या बागेत पसरतो, म्हणून नाव आणि गाव बरोबर असणं फार गरजेचं आहे. रोज संध्याकाळी त्याच त्या चुका हाताने दुरुस्त करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच. हे शब्द कायमचे शिकवायची काही सोय आहे का?

तापीकाठ

ताई, सोय आहे. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary, त्यात Personal dictionary, मग मराठी निवडा आणि अधिकच्या खुणेवर दाबून शब्द घाला. आडनावं फोनच्या संपर्कयादीत भरून ठेवा. "वायकोळे यांना फोन लाव" म्हटलं की माझा फोन बरोबर लावतो, म्हणजे नावं शिकतो तो.

शेतरस्ता

केळीच्या पानांचा आवाज केवढा असतो! वाऱ्यात उभं राहून बोललं तर यंत्र तरी काय करणार. कॉलरला लावायचा माईक घ्या.

केळीपट्टा_रावेर

@शेतरस्ता दादा, वारा नाही. बंद खोलीत बोललं तरी 'कांदे भाग'च येतं.
@तापीकाठ भाऊ, शब्द घातले होते. बोटाने लिहिताना आता वर सुचवले जातात, बोलताना मात्र काही फरक नाही.

कचेरीतला_टंकलेखक

ताई, मी जळगावला एका वकिलांच्या कचेरीत आहे. दिवसभर मराठी अर्ज बोलून लिहितो, त्यामुळे हा त्रास चांगला ओळखीचा आहे.

तापीकाठ यांचं निम्मं बरोबर आहे. ती शब्दयादी मुख्यतः बोटाने लिहिण्यासाठी आहे. मराठी बोलण्यावर तिचा भरवसा धरू नका. 'फोन लाव' म्हटल्यावर फोन तुमच्या संपर्कयादीतच नाव शोधतो, समोर पर्याय मोजके असतात. मजकूर लिहिताना मात्र सगळी मराठी भाषा समोर असते. आवाज दोन शब्दांना सारखाच जुळत असेल तर जो शब्द जास्त वेळा लिहिला जातो तोच निवडला जातो. 'भागात' सगळीकडे सापडतं, 'कांदेबागेत' केळीच्या पट्ट्याबाहेर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून मोठ्याने, तोडून तोडून बोलून उपयोग होत नाही. उलट तोडून बोललं की शब्द आणखी फुटतात.

आधी एक तपासणी करा. अडणारा शब्द पूर्ण वाक्यात घालून तेच वाक्य काही वेळा बोला. चूक दर वेळी तीच आली तर ती पक्की चूक. अशी चूक यादी करून नंतर एका फटक्यात बदलता येते. दर वेळी वेगळं आलं तर त्या शब्दाला यादी चालत नाही, त्याची युक्ती पुढे सांगतो.

पक्क्या चुकांसाठी कॉम्प्युटरवर तेच डॉक्स उघडून Extensions, मग Apps Script मध्ये हे चिकटवा:

```
function sudhar() {
  const body = DocumentApp.getActiveDocument().getBody();
  const jodya = [
    ["कांदे भागात", "कांदेबागेत"],
    ["कांदे भाग", "कांदेबाग"],
    ["हरणाऱ्या रोग", "हरण्या रोग"],
    ["झोपेच्या कांदेबाग", "झोपे यांच्या कांदेबाग"]
  ];
  jodya.forEach(([chuk, barobar]) =>
    body.replaceText(chuk, barobar));
}
```

यात क्रम महत्त्वाचा आहे. लांब जोडी आधी, आखूड नंतर. 'कांदे भाग' आधी बदललं तर 'कांदे भागात'चं 'कांदेबागात' होऊन बसेल. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की रूप बदलतं, म्हणून तुम्ही नेहमी वापरता ती रूपं वेगळी द्यावी लागतात.

शेवटची जोडी मुद्दाम शेवटी आहे. नुसतं 'झोपेच्या' बदललं तर कोणाच्या खऱ्या झोपेचंही आडनाव होईल. पुढे बागेचा शब्द असेल तेव्हाच बदल, आणि तो शब्द वरच्या ओळींनी आधीच दुरुस्त केलेला असतो. सावद्याचंही तसंच. 'सावध' एकटं बदलू नका, 'सावध येथे' ही जोडी घ्या.

चुकीचा शब्द बरोबर शब्दाच्या सुरुवातीलाच बसत असेल तर तशी जोडी करू नका. 'विवर'चं 'विवरे' करायला गेलात तर आधीपासून बरोबर असलेल्या 'विवरे'तला 'विवर'ही बदलेल आणि रे वर दोन मात्रा चढतील. पुन्हा चालवलं की तीन. तिथे 'विवर येथे' घ्या.

केळीपट्टा_रावेर

दादा, खूप आभार. कांदेबाग, झोपे, सावदा तिन्ही सुधारले. पण 'हरणाऱ्या रोग' तसाच राहतो. अक्षर न् अक्षर तेच दिसतंय, तरी बदलत नाही. आणि फोनवरच्या डॉक्समध्ये ते Extensions मला सापडलं नाही.

कचेरीतला_टंकलेखक

फोनवरच्या डॉक्स ॲपमध्ये ते नसतंच, त्यासाठी कॉम्प्युटर लागतो. दिवसभर फोनवर बोला, संध्याकाळी एकदा चालवा.

'ऱ्या'ची गोष्ट अशी की तो संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारी जोडखूण असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्याला मात्र वेगळे. म्हणून चुकीचा शब्द यादीत कधीही टाईप करू नका. डॉक्समध्ये जिथे उमटलाय तिथूनच कॉपी करून जोडीत चिकटवा.

धुळ्याचे_गुरुजी

माझाही प्रश्न यातच विचारतो. मी निवृत्त शिक्षक. घरातल्या बायका कानबाईची आणि आखाजीची अहिराणी गाणी म्हणतात, ती बोलून लिहून घेतो आहे. 'डोया' म्हटलं की 'डोळा' येतं किंवा भलतंच काही येतं. वरची यादी मला चालेल का?

कचेरीतला_टंकलेखक

गुरुजी, नाही चालणार. ताईंच्या वाक्यात दोन-तीन शब्द अडतात, बाकी प्रमाण मराठी आहे. तुमच्याकडे क्रियापदापासून प्रत्ययापर्यंत सगळंच वेगळं, आणि ते यंत्र मराठी समजूनच ऐकतं. शिवाय तुमच्या मजकुरात 'डोळा' आणि 'डोया' दोन्ही येऊ शकतात, मग कोणता बदलायचा हे यादीला कसं कळणार? गाणी हाताने लिहा आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवा, असंच मी म्हणेन.

धुळ्याचे_गुरुजी

मुद्रण आहेच. पण गाणी शेकड्याने आहेत आणि माझी नजर आता साथ देत नाही. अहिराणीसाठी कोणी काही करून पाहिलं असेल तर कृपया इथे लिहा.

चोपडा_इंजिनिअर

केळीपट्टा ताई, तुम्ही मागितलेलं 'आधीच शिकवणं' व्हिस्पर या बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या मॉडेलमध्ये थोडंफार जमतं. तिथे थेट बोलून लिहिता येत नाही, आधी रेकॉर्ड करायचं आणि मग फाईल द्यायची. सोबत शब्द देता येतात:

```
import whisper
model = whisper.load_model("large-v3")
r = model.transcribe("bhet.m4a", language="mr",
  initial_prompt="चिनावल येथे वायकोळे यांच्या कांदेबागेत हरण्या रोग. सावदा येथे पिलबाग.")
print(r["text"])
```

ही शिकवणी नव्हे, निव्वळ आठवण आहे. मागचा मजकूर असा होता असं समजून तो पुढचं ऐकतो, त्यामुळे सुट्ट्या शब्दांपेक्षा तुमच्या नोंदीसारखी वाक्यं द्यावीत. जागा 224 टोकनची, म्हणजे शब्दाच्या तुकड्यांची, आणि देवनागरी शब्दाचे बरेच तुकडे पडतात, म्हणून मोजकेच शब्द मावतात. पूर्ण तालुक्याची यादी कोंबली तर सुरुवातीचे शब्द गळतात. रेकॉर्डिंग लांब असेल तर हा मजकूर फक्त पहिल्या 30 सेकंदांना थेट मिळतो. शिवाय मोठ्या मॉडेलला साधारण 10 जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं.

कचेरीतला_टंकलेखक

मी हे वापरून पाहिलंय. एक धोका: बोलताना मध्ये शांतता आली की दिलेले शब्द न बोलताच मजकुरात उमटू शकतात. अर्जात ते लगेच लक्षात येतं. पण न दिसलेला हरण्या ताईंच्या नोंदीत आला तर तो पकडायचा कसा? मी ताईंना यादीच सुचवेन.

चोपडा_इंजिनिअर

हो, पण यादीनेही तशी चूक होऊ शकते. आणि वायकोळेला यादी चालत नाही असं तुम्हीच म्हणालात.

कचेरीतला_टंकलेखक

त्याचीच युक्ती राहिली होती. दर वेळी वेगळा उमटणारा शब्द बोलूच नका. त्याऐवजी असा शब्द बोला जो यंत्र हमखास बरोबर लिहितं आणि तुमच्या नोंदीत एरवी कधी येत नाही. उदाहरणार्थ "आडनाव मोरपंख यांच्या पिलबागेत". यादीत 'आडनाव मोरपंख'ची जोडी 'वायकोळे'. आकडे घेऊ नका, 'पाच' कधी अक्षरात येतं तर कधी 5 असं. आणि नावापुढे नेहमी 'यांच्या', 'यांनी' असं सुटं बोला, म्हणजे प्रत्यय नावाला चिकटत नाही आणि एकाच जोडीत काम भागतं.

केळीपट्टा_रावेर

कॉपी करून चिकटवल्यावर 'हरण्या' सुधारला! मोरपंखही चाललं. आमच्या गटात वायकोळे बरेच आहेत, म्हणून पुढे पहिलं नाव बोलते, ती नावं नीट उमटतात.

आता एकच शब्द राहिला, 'निसवण', म्हणजे केळफूल बाहेर पडणं. बाग कधी निसवली हे प्रत्येक नोंदीत लागतं. कधी 'निसर्ग' येतं, कधी 'निवास'. याला खूणशब्द ठेवायचा तर निसवली, निसवलेली, निसवणीला अशी किती रूपं होतात! प्रत्येकाला वेगळा खूणशब्द लक्षात ठेवू का?

कचेरीतला_टंकलेखक

नको. नोंदीचं वाक्यच ठरवून टाका: "निसवण अमुक तारखेला." बाकीची रूपं बोलायचीच नाहीत, म्हणजे एकच खूणशब्द पुरेल.

केळीपट्टा_रावेर

तारखेचं जमेल. पण 'अर्धी बाग निसवली, अर्धी राहिली' हे कसं बोलू? मृगबागेत नेमकं तेच लिहावं लागतं.