मदत हवी आहे: बोटाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, शिरेच्या रक्तात जास्त. चूक कुठे शोधू?

रानवाट:
आमच्या अ‍ॅनिमिया सर्वेक्षणात बोट टोचून हिमोक्यू २०१ प्लसवर एचबी बघतात. पडताळणीसाठी गर्भवती नसलेल्या ३० जणींचं शिरेतलं रक्तही घेऊन प्रयोगशाळेच्या ऑटोअ‍ॅनालायझरवर लावलं. बोटाची सरासरी आली ११.६, शिरेची १२.२. एकीचं तर बोटाचं ९.८ आणि शिरेचं १२.३! स्त्रियांसाठी सीमा १२ ची असल्यामुळे एवढ्याशा फरकाने कितीतरी जणी अ‍ॅनिमियात जाताहेत. मशीन बदलू की माणसं? ६०० जणींची नोंद आधीच झाली आहे.

कडुनिंब:
बोट पिळलं की पेशींभोवतीचं पाणी रक्तात मिसळतं, रक्त पातळ होतं आणि आकडा खाली येतो. बोटाचा आकडा नेहमी कमीच येणार. सगळ्यांत ०.६ मिळवा आणि मोकळे व्हा.

सुईदोरा:
माझं बोटावर १०.४ आलं होतं, आठवड्याने लॅबमध्ये ११.५. म्हणजे गोळ्या नकोतच ना?

काचपट्टी:
सुईदोरा, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथे सर्वेक्षणाचा प्रश्न चाललाय. कडुनिंब, पिळल्याने कमी येतं हे खरं, पण नेहमी नाही. हवेत रेंगाळलेला थेंब सुकायला लागला की आकडा वरही जातो. एकाच बाईच्या दोन बोटांतही फरक पडतो.

रानवाट, तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात, रक्तही आणि मशीनही. त्यामुळे दोष कुणाचा ते कळणारच नाही. आधी शिरेच्या ईडीटीए नळीतलं रक्त तुमच्याच हिमोक्यूवर लावा. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा, नाहीतर तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि तुम्ही वरचं पातळ रक्त मोजता. हा आकडा लॅबच्या आकड्याशी जुळला तर मशीन आणि रक्त भरायची क्युव्हेट निर्दोष, घोळ थेंबात. नाही जुळला तर क्युव्हेटच्या डबीकडे बघा. झाकण उघडं राहिलं की दमटपणाने आतलं रसायन बिघडतं.

पणती:
एवढ्या भानगडीपेक्षा रंगपट्टी वापरा की. कागदावर थेंब, अर्ध्या मिनिटाने रंग जुळवायचा, वीज नको, क्युव्हेट नको. आम्ही वर्षभर तेच केलं. फक्त संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली दोघींचं एकमत व्हायचं नाही.

काचपट्टी:
पणती, त्या पट्टीवर छटा ४, ६, ८ अशा दोन-दोन ग्रॅमने १४ पर्यंत आहेत. दवाखान्यात काहीच सोय नसताना खूप फिकट माणूस ओळखायला ती ठीक. पण इथे भांडण ११.६ आणि १२.२ चं आहे, ते दोन्ही तिथे '१२'च दिसतील.

रानवाट:
करून आले. दहा नळ्या हिमोक्यूवर लावल्या, लॅबशी फरक ०.३ च्या आतच. म्हणजे थेंबच! काल एका कार्यकर्तीजवळ बसून बघितलं. बाईचे हात गार होते, टोचणं वरवर झालं, रक्त येईना म्हणून तिने बोट मुळापासून दाबत आणलं. पहिलाच थेंब घेतला, स्पिरिट अजून ओलं होतं. क्युव्हेट भरेना म्हणून मागून दुसरा थेंब लावला. आत बुडबुडा मला नुसत्या डोळ्यांनी दिसला. तिचीही चूक नाही, दिवसाला चाळीस घरं दिली आहेत तिला.

काचपट्टी:
मिळाला चोर. हात आधी ऊब देऊन घ्या, स्पिरिट वाळू द्या, एकदाच पण नीट खोल टोचा. सुरुवातीचे दोन-तीन थेंब कोरड्या कापसाने पुसा, मग आपसूक येणारा मोठा थेंब घ्या. क्युव्हेट एका दमात भरली पाहिजे. अर्धवट राहिली तर फेकायची, वर भर घालायची नाही.

कडुनिंब:
आणि जुन्या ६०० चं? ०.६ मिळवायला हरकत काय?

काचपट्टी:
सरासरी जागेवर येईल, पण आकड्यांचा पसारा जागेवर येणार नाही. समजा खरी सरासरी १२.५ आणि व्यक्तींमधला पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १.२ आहे. ८ च्या खाली, म्हणजे तीव्र अ‍ॅनिमियात, दहा हजारांत एखादीच सापडेल. आता थेंबामुळे प्रत्येक आकड्यात १ ग्रॅमची अंदाधुंद चूक मिसळा. सरासरी हलली नाही तरी पसारा सुमारे १.५६ होतो, आणि त्याच दहा हजारांत वीसेक जणी ८ च्या खाली दिसतात. १२ च्या खालचं प्रमाणही ३४ टक्क्यांवरून ३७ वर जातं. आकडे सामान्य वितरणात आहेत असं धरलंय. म्हणजे ०.६ मिळवून सरासरी अशी जागेवर आणली, तरी त्या वीसेक जणी ८ च्या खालीच दिसत राहतील.

कडुनिंब:
मग ६०० फेकायच्या? एवढ्या बायकांची बोटं टोचलीत. मी तर जुना आणि नवा आकडा वेगळा छापून खाली पडताळणीचा फरक लिहीन.

काचपट्टी:
फेकायच्या असं मी म्हटलं नाही. पण ३० जोड्यांवरून निघालेला ०.६ सगळ्यांना लावायला मन धजत नाही. त्या जोड्या एकाच कार्यकर्तीच्या होत्या का?

रानवाट:
तीन जणींच्या. वेगवेगळं काढून बघितलं नव्हतं. एकीच्या जोड्या फक्त सहाच आहेत, त्यावरून काही बोलता येईल?