महिन्याचं कॅश बजेट: पैसे कधी येणार, बिलावरच्या तारखेला की ग्राहकाच्या सवयीप्रमाणे?

नवा_कारखानदार: ऑटो पार्ट्सचं छोटं मशीनिंग युनिट आहे. सप्टेंबरपासून महिन्याची विक्री २० वरून ३० लाखांवर जातेय (जीएसटी वेगळा), मटेरियल निम्मं. बँकेला कॅश बजेट द्यायचंय. बिलावर ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून सगळी वसुली पुढच्या महिन्यात धरली. पार्टनर म्हणतो निम्मीच धर. कोण बरोबर?

जुना_अकाउंटंट: पार्टनर. मागच्या सहा महिन्यांच्या बिलांसमोर पैसे खात्यात आल्याची तारीख लिहा. निम्मे पुढच्या महिन्यात आणि निम्मे त्याच्या पुढच्या महिन्यात येत असतील तर तेच बजेट.

आकडे लाखांत, १८ टक्के जीएसटीसकट. जुलै-ऑगस्टची बिलं २३.६ची, म्हणून सप्टेंबरमध्ये कसंही धरलं तरी २३.६ येतात. ऑक्टोबरमध्ये मुदतीप्रमाणे ३५.४ दिसतात, सवयीप्रमाणे १७.७ अधिक ११.८, म्हणजे २९.५. फरक ५.९चा.

आता जावक. मटेरियल महिनाभर आधी घेता, पैसे पुढच्या महिन्यात देता असं धरतो. सप्टेंबरच्या मालाचे १७.७, पगार ४, हप्ता १, ऑगस्टचा जीएसटी इनपुट वजा जाता ०.९. ओव्हरहेड वहीत ४.२ असले तरी त्यात १.२ घसारा आहे. तो कुणाला द्यायचा नसतो, म्हणून ३च. एकूण २६.६. सुरुवातीला २.५ शिल्लक असेल तर महिनाअखेर उणे ०.५. ऑक्टोबरमध्ये जीएसटी २.७ होतो, बोनस २ धरला तर जावक ३०.४ आणि शिल्लक उणे १.४. नफा-तोट्याच्या पत्रकात मात्र याच दोन महिन्यांत चांगला नफा दिसेल.

उधारी_मास्टर: घसारा काढलात ते बरोबर. पण मार्ग सोपा आहे, स्टीलवाल्याला ६० दिवसांवर न्या. एका महिन्याचे १७.७ पुढे गेले की खड्डाच उरत नाही. बिनव्याजी पैसा आहे तो.

जुना_अकाउंटंट: बिनव्याजी नाही. डीलर दर किलोमागे भाव चढवून व्याज वसूल करतो, रोखीचा आणि उधारीचा भाव विचारून बघा. दुसरं म्हणजे बँक ड्रॉइंग पॉवर काढताना स्टॉकमधून देणी वजा करते. सप्लायर लांबवलात की सीसीमधून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, काढता येणारी रक्कम तेवढ्या प्रमाणात कमी होते. एका हाताने मिळालं ते दुसऱ्या हाताने जातं.

उधारी_मास्टर: ज्याची सीसी मर्यादा पुरती वापरलीच जात नाही त्याला ड्रॉइंग पॉवर कमी झाल्याने काय फरक पडतो? आणि छोट्या उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचा नियम व्यापाऱ्याला लागू नाही.

जुना_अकाउंटंट: स्टीलवाला निव्वळ व्यापारी असेल तर मान्य. पण हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग करणारे बहुधा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतात. त्यांचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत ओलांडून मार्चअखेर थकलं तर त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही, पैसे देता त्या वर्षी मिळते. म्हणून सप्लायरची एकच ओळ घालू नका. स्टील वेगळं, जॉबवर्क वेगळं.

मसालेवाली_ताई: आमच्या मसाल्याच्या धंद्यात सगळा खर्च मार्च ते मे होतो. वर्षभराची मिरची तेव्हाच रोखीने भरावी लागते आणि विक्री हळूहळू वर्षभर. मला तर महिन्याच्या बजेटचा उपयोगच वाटत नाही, वर्षाचं एकच करते.

लेथ_आणि_हिशेब: ताई, तुमचा खड्डा ठरलेल्या हंगामातला आहे, म्हणून तो वर्षाच्या कागदावर आधीच दिसतो. इथे विक्री वाढली म्हणून पैसे अडकलेत. माझ्या मते महिनासुद्धा लांब पडतो. पगार ७ला, पीएफ १५ला, जीएसटी २०ला. ग्राहक २५ नंतर देत असतील आणि मटेरियलचे पैसेही त्यानंतरच जात असतील तर सप्टेंबरच्या २० तारखेला काय होतं बघा. पगार, हप्ता, जीएसटी आणि निम्मे ओव्हरहेड गेले की २.५ मधून ७.४ जातात, म्हणजे उणे ४.९. महिनाअखेरचा आकडा फक्त उणे ०.५ सांगतो! ऑक्टोबरच्या २०ला बोनस धरून उणे ११.७. सीसी मर्यादा महिनाअखेरवरून मागितली तर दिवाळीत पगार अडकेल.

जुना_अकाउंटंट: पटतं, पण आठवड्याचे कागद बँक वाचत नाही. बँकेला महिन्याचं द्या आणि प्रत्येक महिन्याखाली २० तारखेची अपेक्षित शिल्लक एका ओळीत लिहा.

नवा_कारखानदार: आमचा मोठा ग्राहक डेबिट नोट पाठवून पेमेंटमधून कापतो. ते कसं धरू?

लेथ_आणि_हिशेब: मागच्या वर्षभराच्या कपातीची सरासरी वसुलीतून वजा करा.

जुना_अकाउंटंट: सरासरी नको. नव्या पार्टच्या पहिल्या दोन-तीन लॉटना रिजेक्शन जास्त येतं, आणि वाढलेले १० लाख नव्या पार्टचेच असतील तर तिथेच जास्त कपात धरायला हवी. ते नव्या पार्टचे आहेत का, आधी ते सांगा.