मदत हवी आहे: लहानपणी तीनही डोस झालेत, तरी हिपॅटायटिस-बीचं टायटर ४.२. लस वाया गेली का?

यावलची_पोर

नमस्कार मंडळी. मी जळगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्ड पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी कॉलेजने आमच्या सगळ्यांचं हिपॅटायटिस-बीचं टायटर करून घेतलं. माझं आलं ४.२. रिपोर्टखाली छापलंय की १० च्या खाली असेल तर संरक्षण नाही.

माझा जन्म २००५ चा. भुसावळच्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेलं कार्ड आईने जपून ठेवलंय. जन्मल्यावर, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात असे तीन डोस झालेत, तारखा नि शिक्के सगळं आहे. रूममेटचं टायटर ०.८ आलं, तिचं कार्ड मात्र हरवलंय.

गोवरची लस दोनदा घेतली की जन्माचं काम होतं म्हणतात, मग ही विसाव्या वर्षीच कशी संपली? आता तीनही डोस पुन्हा घ्यायचे का? आजी कालपासून एकच म्हणतेय, "इतल्या सुया टोच्यात, तरी कमी पडनी का?"

सातपुडा_पायथा

ताई, लस खराब निघाली असणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, वर लोडशेडिंग. फ्रीज बंद पडला की लसीचं पाणी होतं. तीनही डोस पहिल्यापासून घे.

मायक्रो_धुळे

सव्वीस वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवलं, म्हणून राहवत नाही.

सातपुडा, उन्हाचा तुमचा मुद्दा पोलिओच्या थेंबांना लागू पडतो, ते उष्णतेने लवकर मरतात. हिपॅटायटिस-बीची लस त्या मानाने चिवट असते. तिचा शत्रू बर्फ. ही लस ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेली असते. कुपी गोठली की तो क्षार गुठळ्या धरतो आणि लस बाद होते. गोठल्याचा संशय आला तर कुपी हलवून ठेवतात आणि मुद्दाम गोठवलेल्या कुपीशेजारी ताडून पाहतात. गोठलेल्या कुपीत गाळ पटकन खाली बसतो.

पण या मुलीची लस वाया गेली असं ४.२ वरून म्हणताच येत नाही. टायटर म्हणजे आज रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडीचं माप. अँटीबॉडी काही वीस वर्षं टिकत नाही, साधारण तीन आठवड्यांत निम्मी संपते. म्हणजे मोजमाप होतं ते आज ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींच्या कामाचं. आठवण ठेवणाऱ्या बी पेशी वेगळ्या असतात. त्या काहीच बनवत नाहीत, गप्प पडून असतात, म्हणून या तपासणीत दिसतही नाहीत.

केळीवाला_रावेर

म्हणजे घड कापला म्हणून कंद मेला असं नाही. पाणी मिळालं की पील फुटतं. बरोबर ना सर?

मायक्रो_धुळे

बरोबर. टायटरमध्ये आपण फक्त घड मोजतो. कंद जिवंत आहे का ते पाहायचं तर एक डोस टोचायचा आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा टायटर करायचं. आठवण असेल तर एकाच डोसने आकडा १० च्या वर उडी मारतो. तेवढं झालं की पुढचे दोन डोस लागत नाहीत. नाही उडी मारली तर मात्र राहिलेले दोन घेऊन कोर्स पुरा करायचा. डोस दंडात घ्या. कुल्ल्यावर घेतला तर प्रतिसाद कमी येतो. आणि त्याआधी एचबीएसएजी, म्हणजे अंगात हा विषाणू आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. एखाद्याला आधीच जुनाट संसर्ग असेल तरीही टायटर शून्यच दिसतं, मग लस टोचत बसून काय उपयोग?

गिरणाकाठ

माझंही असंच झालंय. दोन वर्षांपूर्वी कुत्रा चावला तेव्हा पूर्ण कोर्स आणि जखमेत सीरम दिलं होतं. परवा शेतात पुन्हा चावला, तर सरकारी दवाखान्यात म्हणाले फक्त दोन सुया, आज एक आणि तीन दिवसांनी एक. सीरम नाहीच. साठा संपला म्हणून टोलवलं असं मला वाटतं. पाचोऱ्याला खासगीत जाऊ का?

मायक्रो_धुळे

टोलवलेलं नाही, जुना कोर्स खरंच पूर्ण झाला असेल तर नियमच तो आहे. जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुतलीत ना? तिसऱ्या दिवसाची सुई चुकवू नका.

तुमचं उदाहरण इथे कामाचं आहे. रेबीजची लस म्हणजे मारलेला अख्खा विषाणू. पहिल्या वेळी तुमच्या शरीराला त्याची ओळख नव्हती. अँटीबॉडी बनायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तेवढ्या काळासाठी बाहेरून तयार अँटीबॉडी दिली, तेच सीरम. आता आठवण आहे, दोन टोच्यांत ती जागी होते, म्हणून सीरमची गरज उरत नाही.

यावलची_पोर

सर, मग गिरणाकाठ दादांना आठवण असूनही सुई लागते, आणि मला मात्र आठवण असली की सुईच नको, हे कसं?

मायक्रो_धुळे

चांगलं विचारलंस. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात शिरल्यावर आजार दिसायला दीड ते सहा महिने घेतो. आठवणीच्या पेशींना जागं व्हायला काही दिवस पुरतात, त्यामुळे त्या आधी पोचतात. रेबीजचा विषाणू मज्जातंतूत शिरला की अँटीबॉडी त्याला गाठू शकत नाही, आणि तो कधी शिरेल याचा भरवसा नाही. तिथे आठवणीवर विसंबून बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

वरणबट्टी

गोवरचं राहिलंच की. माझ्या मुलाला नवव्या महिन्यात एमआर दिली, आता सोळाव्या महिन्यात दुसरी आहे. तो दुसरा डोस म्हणजे बूस्टरच ना?

मायक्रो_धुळे

बहुतेकांचा हाच समज असतो. नवव्या महिन्यात काही बाळांच्या अंगात आईकडून आलेल्या अँटीबॉडी शिल्लक असतात. त्या लसीतल्या जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूला वाढायच्या आतच गारद करतात. अशी साधारण शंभरातली पंधरा बाळं कोरी राहतात. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी. ज्याला पहिला लागला त्याचं काम तिथेच झालेलं असतं.

जिवंत लसीचं जमतं ते असं. आठवण पक्की व्हायला शरीराला दोन गोष्टी लागतात, चोराचा चेहरा आणि धोक्याची घंटा. जिवंत विषाणू काही दिवस अंगात वाढत राहतो, म्हणजे चेहराही पुन्हा पुन्हा दिसतो नि घंटाही वाजत राहते. काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींत बी पेशींची आपसात झटापट चालते. ज्यांची पकड घट्ट त्या टिकतात, बाकीच्या मरतात. टिकलेल्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं अँटीबॉडी गाळत राहतात, काही आठवणीच्या पेशी होतात.

हिपॅटायटिस-बीच्या लसीत विषाणू नाहीच, फक्त त्याच्या सालीवरचं एक प्रथिन आहे, यीस्टमध्ये बनवलेलं. म्हणजे चेहरा आहे, घंटा नाही. घंटेचं काम तो ॲल्युमिनियमचा क्षार करतो, आणि तो गोवरच्या विषाणूइतका आरडाओरडा करत नाही. म्हणून तीन डोस, आणि तिसरा मुद्दाम काही महिन्यांनी, म्हणजे मधल्या काळात निवड होऊन चांगल्या पेशी उरतात आणि तिसरा डोस नेमका त्यांनाच हाक मारतो. डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते, तेही यामुळेच.

केळीवाला_रावेर

मग सगळ्याच लसी जिवंत का नाही करत?

मायक्रो_धुळे

हिपॅटायटिस-बीचा विषाणू प्रयोगशाळेत धड वाढतच नव्हता, मग कमजोर कशाला करणार? १९८१ ची पहिली लस तर बाधित माणसांच्या रक्तातून ते प्रथिन गाळून काढत. शिवाय जिवंत लस गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला देता येत नाही. पोलिओच्या थेंबांतला विषाणू क्वचित पुन्हा उलटतो, हेही आहेच.

चोपडा_एक्स्प्रेस

या सगळ्यावर उपाय एमआरएनए. त्यात आठवण आरएनएमध्येच लिहिलेली असते, ती पेशीत राहून जाते. कोविशील्ड तशीच होती.

मायक्रो_धुळे

दोन्ही चुकलं. कोविशील्डमध्ये चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस वाहक होता. आपली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हाची, २०२२ मध्ये मंजूर झालेली. कोव्हॅक्सिन मारलेल्या विषाणूची.

आरएनए म्हणजे निरोपाची चिठ्ठी. पेशी ती वाचते, प्रथिन बनवते, आणि चिठ्ठी काही दिवसांत फाटते. आठवण तयार होते ती गाठीतच, बाकीच्या लसींसारखी. वेगळेपण इतकंच की प्रथिन आपलीच पेशी आतून बनवते. त्यामुळे त्याचे तुकडे तिच्या अंगावर दिसतात आणि बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशीही तयार होतात. जिवंत लसीतही हेच होतं. मारलेल्या किंवा नुसत्या प्रथिनाच्या लसीत हा भाग कच्चा राहतो. चिठ्ठी ज्या चरबीच्या थेंबात गुंडाळलेली असते, तो थेंबच घंटा वाजवतो.

चोपडा_एक्स्प्रेस

मग एवढं सगळं असून कोविडचे बूस्टर का लागले?

मायक्रो_धुळे

एक तर चोराने चेहरा बदलला. दुसरं, कोविड दोन-चार दिवसांत घशात बस्तान बसवतो, झोपलेल्या आठवणीला उठायलाही वेळ मिळत नाही. गंभीर आजार टळतो, सर्दी-ताप टळत नाही. मगजात जाऊन बसणाऱ्या पेशी या लसीने पुरेशा बनतात का, यावर अजून वाद आहे. माझं मत म्हणाल तर कमी बनतात.

यावलची_पोर

सात आठवड्यांनी लिहितेय. आम्हा दोघींचं एचबीएसएजी निगेटिव्ह आलं. दंडात एकेक डोस घेतला आणि पाच आठवड्यांनी टायटर केलं. माझं ३१२. रूममेटचं ३.१.

केळीवाला_रावेर

फुटलं पील!

मायक्रो_धुळे

तुझं झालं. हा रिपोर्ट जपून ठेव. पुढे आकडा पुन्हा १० च्या खाली आला तरी घाबरायचं नाही.

मैत्रिणीचे दोन डोस बाकी आहेत, ते घेऊन शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा टायटर. तिला लहानपणी लस मिळालीच नसेल, की मिळूनही लागली नसेल, हे कार्डाशिवाय आज सांगता येणार नाही. सरकारी कार्यक्रमात ही लस देशभर यायला २०११ उजाडलं, त्यामुळे तिच्या वयाच्या बऱ्याच मुलांची राहून गेली. तोवर वॉर्डात सुई टोचली तर लपवायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. तिला तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन लागू शकतं.

यावलची_पोर

सर, आमच्या कॉलेजचा नियम आहे की टायटर दर वर्षी करायचं आणि १० च्या खाली असेल तर पोस्टिंग नाही.

सातपुडा_पायथा

मग दर वर्षी टोचून घे, बिघडतंय काय?

मायक्रो_धुळे

बिघडत नाही, पैसे जातात. प्राचार्यांना ३१२ चा रिपोर्ट दाखव आणि दर वर्षी का म्हणून विचार. काय म्हणाले ते इथे कळव.