जॉब बंद करणाऱ्याचं नाव पोस्टमॉर्टेममध्ये घालायचं की नाही?

रात्रपाळी: आमच्या एसक्यूएल सर्व्हरचा ट्रान्झॅक्शन लॉग भरला आणि दीड तास एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. शुक्रवारी डेटा हलवताना एकाने लॉग बॅकअपचा जॉब बंद केला, तो पुन्हा सुरू करायचा राहिला. रविवारी डिस्क भरून 9002 एरर आली. साहेब म्हणतात, रिपोर्ट ‘ब्लेमलेस’ हवा. पण चूक माणसाचीच आहे, मग नाव गाळून खरं कसं लिहायचं?

जुना डीबीए: ‘मायग्रेशन करणाऱ्या इंजिनिअरने जॉब बंद केला’ एवढं लिहा, वेळेसकट. खरी चौकशी पुढे आहे: दोन दिवस कुणाला कळलं कसं नाही? बंद ठेवलेला जॉब फेल होत नाही, म्हणून अलर्ट येत नाही. रात्रीचा फुल बॅकअप यशस्वी दिसतो, पण त्याने लॉग मोकळा होत नाही. फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये त्यासाठी लॉग बॅकअपच लागतो. हे चालवलं होतं का?

```
SELECT name, log_reuse_wait_desc
FROM sys.databases;
```

`LOG_BACKUP` आलं असेल तर तो निकाल रिपोर्टला जोडा. आणि अलर्ट जॉब फेल झाल्यावर नको, शेवटचा लॉग बॅकअप ठरलेल्या वेळेपेक्षा जुना झाला की वाजायला हवा.

स्पष्टवक्ता: म्हणजे सगळं सिस्टीमच्या माथी! जॉब परत सुरू करायची पायरी चेंज तिकिटात होती की नव्हती? असेल, तर हा सरळ निष्काळजीपणा.

घाईत आहे: एवढा काथ्याकूट कशाला? रिकव्हरी मॉडेल सिंपल करा, लॉग लहान करा, पाच मिनिटांचं काम.

जुना डीबीए: लॉग मोकळा होईल, खरंय. पण लॉगची साखळी तुटते. नवा फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप घेईपर्यंत मधल्या एखाद्या क्षणाला परत जाता येत नाही. ऑर्डरच्या डेटाबेसवर मी तसं करणार नाही. दुसऱ्या डिस्कवर लॉग बॅकअप घ्यायचा. तोही जमत नसेल तर तिथे जादा लॉग फाइल जोडायची. आणि अडथळा `ACTIVE_TRANSACTION` असेल, तर सिंपल करूनही उपयोग नाही.

पोस्टग्रेसवाली: आमच्याकडे बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉट तसाच राहिला, `pg_wal` फुगत गेलं आणि सर्व्हरच बसला. रिपोर्टमध्ये नाव होतं. त्यानंतर जुना स्लॉट काढायला कुणी हात लावेना. शेवटी `max_slot_wal_keep_size` घातलं.

रात्रपाळी: तिकीट पाहिलं. पायरी होती, पण काम लांबलं आणि पाळी बदलली. तिकीट दुसऱ्यानेच बंद केलं, जॉब न पाहता.

स्पष्टवक्ता: मग दोन नावं घाला.

जुना डीबीए: घाला. पण जॉब सुरू आहे हे तपासल्याशिवाय तिकीट बंद होतंच कसं, हे त्यातून कळणार आहे का?

स्पष्टवक्ता: ती तपासणीही कुणीतरी माणूसच करणार ना?