मुलांच्या खाऊचं नाव: औषध वाटू नये, पण आईबापांना पटावं

बचतगटवाली (दारव्हा तालुका)
आमचा गट गूळ घालून ज्वारीच्या कुकीज आणि ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करतो. भाच्यानं नाव सुचवलं ‘ज्वारामृत’, तेच छापलं. नागपूरच्या प्रदर्शनात एका बाईनं पाकीट उलटून पाहिलं अन् विचारलं, “दिवसातून किती वेळा द्यायचं?” पुढची छपाई व्हायच्या आत नाव बदलायचं आहे. यादीत पोषणवेद, न्यूट्रीबाल, मिलेट मंत्रा, खुसखुस आणि टुणुक आहेत. गिऱ्हाईक म्हणजे पोरांच्या खाण्याची काळजी करणारे आईबाप. कोणतं ठेवू?

पाकीटवाला
ताई, त्या बाईंची चूक नाही. ज्वारामृत घाईत वाचलं की ‘ज्वर’च दिसतो, वर ‘अमृत’. तापाचा काढा वाटणारच. पोषणवेद आणि न्यूट्रीबाल त्याच वाटेनं जातात. वेद, न्यूट्री, केअर, प्राश ही शेपटं वर्षानुवर्षं बाटल्या-बरण्यांवर पाहिलीत आपण. ऐकलं की चमचा आठवतो.

पाकिटावर नावं दोन असतात हे आधी लक्षात घ्या. एक तुमचं, दुसरं पदार्थाचं. पदार्थाचं नाव नियमानंच समोर लिहावं लागतं, तिथे ‘ज्वारी-गुळाची कुकी’ येईल. आरोग्याचं काय ते ती ओळ सांगेल. वरच्या नावावर ते ओझं टाकू नका. ते पोराला मागता यावं आणि दुकानदाराला फोनवर कळावं, एवढं पुरे.

आता निवडायचं कसं? यादी कागदावर दाखवू नका, फोनवर ऐकवा. ज्यांना तुमचा धंदा माहीत नाही अशांना विचारा, “या नावाचं काय मिळत असेल?” पावडर, तेल, गोळ्या असं उत्तर आलं की नाव कापा. मग त्यांनाच ते इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगा, कारण शहरातला दुकानदार तसंच शोधणार. खुसखुसला मला तिथेच धोका दिसतो. Khuskhus लिहिलं की निम्मे लोक खसखस वाचतील.

मेडिकलवाला_अमरावती
भाऊ, मी रोज काउंटरवर उभा असतो. आई येते ती “लेकराले पौष्टिक काही द्या” म्हणतच येते. खिशातून जास्तीचे पैसे निघतात ते त्या एका शब्दावर. ‘टुणुक’ नाव ठेवलं की माल पाच रुपयांच्या माळेत लटकला समजा, मग पाव किलोला शंभराच्या वर कोण मोजणार? माझं मत पोषणवेदला. आणि गुळात केलंय ना, मग मोठ्या अक्षरात ‘शुगर फ्री’ टाका. नातवासोबत आजोबाही खातील.

पाकीटवाला
शुगर फ्री अजिबात नको. 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तरच तो शब्द चालतो, आणि गूळ म्हणजे साखरच. ‘साखर घातलेली नाही’ म्हणून पळवाट काढाल तर तीही गुळामुळे बंद. ‘गुळात केलेली’ लिहा, ते खरं आहे. आणि आजोबांना डायबिटीस असेल तर त्यांच्या हातात ही कुकी देऊच नका.

किमतीचं म्हणाल तर तुमचं म्हणणं निम्मं पटतं. खाऊचं नाव ठेवलं की किंमत दुसऱ्या कशानं तरी पटवावी लागते. ताई, कुकीत ज्वारी किती आहे?

बचतगटवाली
पीठ मळताना ज्वारी 45 टक्के, गव्हाचं पीठ 15, बाकी गूळ, तूप, थोडी दूध पावडर. नुसत्या ज्वारीची करून पाहिली. ज्वारीला चिकटपणा नसतो, गावाहून यवतमाळला एस.टी.नं जाईस्तोवर डब्यात भुगा.

पाकीटवाला
मग किंमत पटवणारी गोष्ट तुमच्या हातातच आहे. समोर कणसाचं चित्र काढलं किंवा ‘ज्वारी’ ठळक लिहिलं, की ज्वारी किती टक्के ते लेबलवर द्यावंच लागतं. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणजे तुमच्याकडे ज्वारी पहिली येईल. बाजारात समोर मिलेट अन् मागे पहिला घटक मैदा, अशी पाकिटं कमी नाहीत. पाकीट उलटून वाचणारी आई हेच शोधते. म्हणून ‘ज्वारी 45%’ पदार्थाच्या नावाशेजारी घ्या. त्यापुढे ‘पोषण’ शब्दाची गरज उरत नाही.

फायबरचं काही लिहायचं असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. 100 ग्रॅममागे 3 ग्रॅम असेल तर ‘स्रोत’ म्हणता येतं, ‘भरपूर’ म्हणायला 6 लागतात. तुमच्या मापात किती भरतं ते तपासल्यावरच कळेल.

पऱ्हाटीवाला
नावाचं काय घेऊन बसले? जवारीले भाव काय देता ते सांगा पयले. आमच्याकडं रानडुकरं जवारी ठेवत नाई, म्हून लोकायनं पेरनंच सोडलं. जिकडंतिकडं सोयाबीन अन् पऱ्हाटी. कडबा इकत घ्या लागते. अन् नाव ठेवाचंच असन त गावाचं ठेवा, ‘अस्सल गावरान’ म्हना. गावातल्या बायाच्या हातचं हाय, लपवाचं काहून?

बचतगटवाली
काका, ज्वारी आम्ही गटातल्याच बायांकडून बाजारभावाच्या थोडी वर घेतो, पण ती पुरत नाही. डुकरांचं आमच्याकडेही तेच.

मसाला_घरचा
काकांची गावाच्या नावाची गोष्ट माझ्यावर बेतली होती म्हणून सांगते. मी मसाल्याला गावाचं नाव अन् पुढे ‘गावरान मसाले’ असं ठेवून ट्रेडमार्कचा अर्ज केला. कलम 9 खाली आक्षेप आला. गावाचं नाव त्या गावचा कोणीही वापरू शकतो आणि ‘गावरान मसाले’ हे वर्णन झालं, मग एकट्याच्या मालकीचं कसं होणार? ‘ज्वारी कुकीज’ नाव ठेवलं तरी हेच होईल. मिलेटचं ‘श्री अन्न’ हे नाव तर 2023 च्या बजेटपासून सगळ्यांच्याच तोंडी आहे.

अर्ज भरण्याआधी ipindia.gov.in वर शोधा. नुसतं अक्षर जुळवून नाही, Phonetic निवडून. उच्चार जवळचा असला तरी नाव अडतं. ‘कुर’नं सुरू होणारं काही सुचलं तर तिथेच थांबा, कुरकुरे बसलेत आधीपासून. ट्रेडमार्कमध्ये कुकीचा वर्ग 30. व्यक्ती किंवा लहान उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला 4,500 रुपये. माझे तसेच गेले.

पाकीटवाला
वर्ग 5 मध्येही एकदा डोकावा. औषधं आणि बाळांचं खाणं तिथे येतं. तुमच्या नावासारखी नावं वर्ग 30 पेक्षा 5 मध्ये जास्त दिसली, तर लोकांच्या कानाला ते काय वाटेल हे वेगळं विचारायला नको.

काका, अस्सल, शुद्ध, नॅचरल, पारंपरिक असे शब्द ब्रँडच्या नावातच घातले आणि त्यानं गिऱ्हाइकाची दिशाभूल होईलसं वाटलं, तर ‘हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही’ अशी ओळ किमान 3 मिलिमीटर अक्षरात छापावी लागते. समोर ‘अस्सल’ अन् खाली ही ओळ! त्यापेक्षा गाव-तालुका पत्त्यात ठळक द्या. तिथे कोणी अडवत नाही.

डबा_रोजचा (वणी)
मी शिकवते आणि दोन पोरांचा डबाही भरते. इथे आईबापांचंच चाललंय, खाणाऱ्यांना कोणी विचारत नाही. घरात ‘पौष्टिक’ लिहिलेलं पाकीट दिसलं की धाकटी म्हणते, “हे तुझं, माझं कुठाय?” मधल्या सुट्टीत डबे उघडले की एकमेकांत ‘काय आणलं’ चालतं. तिथे ‘पोषणवेद आणलंय’ कोणतं पोरगं सांगेल? दुसऱ्यांदा पाकीट यायचं ते पोरानं मागितलं म्हणून. माझ्याकडून एक नाव घ्या, ‘मधली सुट्टी’.

मेडिकलवाला_अमरावती
मॅडम, पोरगं मागते, पण पैसे कोण देते? आणि मधली सुट्टी म्हटलं की उन्हाळ्यात काय? शाळा बंद तर खाऊ बंद? शिवाय संध्याकाळच्या चहासोबत खाणारा माणूस ‘हे पोरांचं’ म्हणून सोडून देईल.

पाकीटवाला
उन्हाळ्याचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘मधली सुट्टी’ आरोग्याचं अक्षर न काढता कधी खायचं ते सांगते, ही जमेची बाजू. मला काळजी स्पेलिंगची. Madhli, Madhali, Sutti, Suttee, दहा जण दहा तऱ्हेनं लिहितील. टुणुक त्या मानानं सुटसुटीत.

बचतगटवाली
काल नणंदा, भावजया अन् माहेरच्या शेजारणींना फोन केले. धंद्याचं काही सांगितलं नाही. पोषणवेदला सगळ्या ‘पावडर’ म्हणाल्या. न्यूट्रीबाल म्हणजे दुधात घालायचं काहीतरी. मिलेट मंत्राला एकीनं विचारलं, पूजेचं सामान का? खुसखुसला खसखस निघालीच. टुणुक ऐकून बहुतेकींनी खेळणं सांगितलं, उड्या मारणारं. वर्ध्याच्या हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराला ते ‘तुनक’ ऐकू आलं, म्हणाला रुसलेलं पोरगं आहे का? ‘मधली सुट्टी’ला डबा, बिस्किट, चिवडा असंच आलं, पण इंग्रजीत प्रत्येकीनं वेगळं लिहिलं.

मेडिकलवाला_अमरावती
खेळणं! मी काय म्हणत होतो?

पाकीटवाला
खेळण्याच्या खाली ‘ज्वारी-गुळाची कुकी, ज्वारी 45%’ लिहिलं की कोणी खेळणं समजत नाही. पावडरीच्या खाली तेच लिहिलं तरी पावडरच वाटते. मी अजून टुणुकवरच आहे, पण त्या दुकानदाराचं ‘तुनक’ मलाही खटकलं.

ताई, नाव पक्कं होईस्तोवर छापील पाउच करू नका. त्यात प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर लागतो, आणि कमी माल कोणी छापून देत नाही. साधा पाउच घ्या, त्यावर स्टिकर. टुणुक आणि मधली सुट्टी, दोन्ही नावांचे थोडे थोडे करा. रंगही सांभाळा. पांढऱ्यावर हिरवं पान काढलं तर नाव काहीही असो, औषधाचंच खोकं दिसेल.

मसाला_घरचा
आणि स्टिकरवर ® टाकू नका, नोंदणी होईपर्यंत ™ च.

मेडिकलवाला_अमरावती
पाठवा दोन्ही माझ्याकडे. काउंटरवर बाजूबाजूला ठेवतो, कोणतं उठतं ते महिनाभरानं सांगतो. पोषणवेदचीही दहा पाकिटं द्या, मग बघू.

डबा_रोजचा (वणी)
दादा, मेडिकलच्या काउंटरवर खोकल्याच्या बाटल्यांशेजारी ठेवून काय कळणार? तिथे पोषणवेदच उठेल. ताई, तेवढीच पाकिटं आमच्या शाळेसमोरच्या दुकानात पाठवा. त्या काकूंशी मी बोलते.

पऱ्हाटीवाला
अन् जवारीचा भाव कोनीच नाई सांगतला.