जोडनाव लिहिलं आणि भलतंच वाचलं गेलं: तुमचे अनुभव सांगा

मी आणि माझी जाऊ साड्यांना फॉल-बीडिंग करून देतो, थोड्या साड्या विकतोही. इन्स्टाग्रामसाठी दोघींची नावं जोडायचं ठरलं: मंजिरी आणि कामिनी. `manjirikamini`. आठवडाभर आम्हाला ते फार गोड वाटत होतं. मग पुतण्याला मोबाइल दाखवून म्हटलं, वाच रे. तो म्हणाला, "मंजी... रिकामी... नी. कोण रिकामी, काकू?"

तेव्हापासून मला त्यात `rikami` शिवाय काही दिसत नाही. नावं उलटी करून `kaminimanjiri` केलं, तर सुरुवातीलाच 'कमी'. दुकानाच्या नावात एकतर रिकामी नाहीतर कमी! तुमचं कुणाचं असं झालंय का?

सांधेदुखी
ताई, पाट्या रंगवायचं काम करतो, त्यामुळे हे रोजचं आहे. घोळ नेहमी सांध्यावर होतो. पहिल्या शब्दाची शेवटची दोन-तीन अक्षरं आणि दुसऱ्याची पहिली तीन-चार एवढाच तुकडा कागदावर वेगळा लिहा. तुमच्याकडे `ri` आणि `kami`. रोमनमध्ये कामी आणि कमी दोन्ही `kami`च लिहितात, म्हणून एकाच तुकड्याने तुम्हाला दोन्हीकडून गाठलं. मी गिऱ्हाइकाला सांगतो, सगळं लहान लिपीत, मोकळी जागा न सोडता लिहा आणि नाव आधी न ऐकलेल्या तिघांना मोठ्याने वाचायला लावा. स्वतः वाचून उपयोग नाही, आपल्याला दोन शब्द आधीच माहीत असतात.

परदेशातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे एक्स्पर्ट्स एक्स्चेंज. त्यांचा पत्ता आधी `expertsexchange.com` होता. तो मधूनच भलतीकडे तुटायचा, म्हणून पुढे त्यात आडवी रेघ घातली.

मोठीABCD
एवढं कशाला? `ManjiriKamini` असं मोठं अक्षर घाला, संपलं.

सांधेदुखी
हॅशटॅगमध्ये चालेल, तिथे टाइप कराल तसं दिसतं. पण इन्स्टाग्राम हँडल लहान लिपीतच दाखवतं. शिवाय गिऱ्हाईक शोधताना कुठलं मोठं अक्षर टाकतंय?

कोकणी खडक
आमचा किस्सा देवनागरीतला. आम्ही खेडजवळच्या लोट्याची पोरं, कडे चढायची हौस. कडे अधिक लोटे, `कडेलोटे`. टी-शर्ट छापून आले. पहिल्याच मोहिमेच्या आधी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला: "कडेलोट नावाच्या ग्रुपबरोबर मी मुलीला कड्यावर पाठवू?" रायगडावर टकमक टोकापाशी उभं राहून फोटो काढल्यावर तर विचारूच नका. टी-शर्ट मात्र फेकले नाहीत, आता तेच नाव आहे. मुलीचे वडील अजून नाराज आहेत.

शब्ददीप
माझी अडचण वेगळी, वाईट अर्थ काही नाही. `shabddeep` मध्ये सांध्यावर दोन d येतात आणि निम्मे लोक एकच टाकतात. `shabdeep` हे खातं दुसऱ्याच कुणाचं आहे. माझ्या कवितांचं कौतुक त्या बिचाऱ्याला पोचतं. आता फोनवर सांगताना "डी दोनदा" म्हणतो, तरी समोरचा विचारतो, "म्हणजे शेवटी दोनदा?"

नातीची आजी
आमच्या नातीचं नाव आईवडिलांच्या नावातली अक्षरं जोडून ठेवलंय. छान आहे, पण शाळेत बाई दर वर्षी चुकीचं हाक मारतात. अशा नावाला कुंडलीतलं अक्षर कुठलं धरायचं?

धागाकर्ती
आजी, कुंडलीचं मला नाही हो सांगता येणार! 😄

सांधेदुखी यांनी सांगितलं तसं काल बसून केलं. `kamanjiri` लिहिलं, ते सासूबाईंनी "का, मंजिरी?" असं हाक मारल्यासारखं वाचलं. `kamjiri` मध्ये जाऊबाईंना काम जिरलेलं दिसलं. शेवटी `manjini` उरलं. चार जणांना दिलं, चौघांनीही 'मंजिनी'च वाचलं. पण त्यात कामिनीचं फक्त 'नी' राहिलं, आणि ती कालपासून जरा गप्प आहे.

मोठीABCD
मग `manjiri_kamini` करा. दोघी पूर्ण राहतील. आणि वेबसाइटलाही तेच घ्या.

सांधेदुखी
इन्स्टाग्रामवर चालेल. `manjiri_kamini` चौदा अक्षरांत बसतं, म्हणजे एक्सच्या पंधराच्या मर्यादेतही. पण वेबसाइटच्या नावात खालची रेघ घेता येत नाही, तिथे मधली रेघ लागते. मग दोन ठिकाणी दोन नावं होणार. आणि पाटीवर खालची रेघ रंगवली की लोकांना ती रंगाचा ओघळ वाटते, हे अनुभवाने सांगतो.

धागाकर्ती
रेघ जाऊबाईंना पसंत, मला नाही. फोनवर "अंडरस्कोर" म्हटलं की आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ते गावाचं नाव वाटतं. `manjini` तूर्त अडवून ठेवलंय, पिशव्या अजून छापायला दिलेल्या नाहीत.